पेटी गप्प राहिली पाहिजे

पद्मजा मोघेला राग आला की ती आधी ओढणी कमरेला आवळून बांधते, मग तोंड उघडते. रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून त्या चकचकीत शोरूममध्ये तिचा हात ओढणीकडे गेला तसा तिचा मुलगा भार्गव हळूच मागे सरकला. गाड्या विकणारा निरंजन मात्र तिला ओळखत नव्हता. तो हसत तिथंच उभा राहिला, बिचारा.

“आंटी, आपके लिए तो ये स्कूटर ही बेस्ट है,” तो म्हणाला होता. “गियर का झंझट नहीं. मंदिर जाओ, सदर बाजार जाओ...”

“मी मंदिरात जायले गाडी घेऊन राहिली असं कोणी सांगितलं तुले? आरंगच्या पुढं नदीकाठच्या गावात जायचं आहे मले. मागं हे बसणार. आणि यांच्या मांडीवर पेटी.”

‘हे’ म्हणजे गंगाधर मोघे. सहा फुटी, अंगानं भरलेला माणूस, सोफ्यावर मांडीवर हार्मोनियमची पेटी घेऊन बसला होता. डोळ्यांवर काळा चष्मा. शोरूममध्ये पेटी घेऊन कोण येतं? पण पद्मजानं ही घरातली पेटी मुद्दाम आणायला लावली होती.

गंगाधररावांचं सगळं आयुष्य पेट्या दुरुस्त करण्यात गेलं. इकडे गावोगावी मानस मंडळ्या आहेत, रामायण गाणाऱ्या. मंडळीची पेटी देवळात असते आणि ती शहरात पाठवायला गाव सहसा राजी नसतं. मोघेजींनीच यायचं, गाणाऱ्याचा गळा ऐकायचा, त्याला बसेल असा सूर लावून द्यायचा. फारच बिघडलेली असली तर घरी आणायची, नीट करून परत पोचवायची. भाकरी त्या गावातच खायची, गाणं ऐकायचं आणि मग निघायचं. अशीच वर्षं गेली. मग काचबिंदूनं डोळे खाल्ले आणि डॉक्टर म्हणाले, गाडी बंद.

“बाबा, अब आप घर बैठिए,” भार्गव म्हणाला. तो नव्या रायपूरच्या कचेरीत आहे. मराठी सगळं कळतं त्याला, पण बोलतो हिंदीत. “जिसको ठीक करानी होगी, वो ले आएगा.”

कोण आणतं? कोणी आणलं नाही. गंगाधरराव बसले ते बसलेच. घरातल्या पेटीलासुद्धा हात लावीनात. जेवायला हाक मारली की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. चांगला हसता-बोलता माणूस असा मातीचा झालेला पद्मजाला बघवेना. तिनं त्यांचीच जुनी मोटरसायकल मोहल्ल्यातल्या मैदानावर नेली, पडली, ढोपर फोडून घेतलं, पुन्हा बसली. बाया खिडकीतून बघून हसल्या. हसू दे! वय पन्नाशीपार, पण गिअरच्या गाडीचं लायसन काढूनच ती थांबली.

आणि पहिल्याच फेरीत घात झाला. दुरुस्त केलेली पेटी घेऊन दोघं निघाले. जुनी गाडी आधीच बुटकी. मागं एवढा ऐवज बसल्यावर तिच्या मागच्या स्प्रिंगा पार दबल्या, आणि उखडलेल्या रस्त्यात वर आलेल्या दगडावर इंजिनाचं पोट आपटलं. तेल रस्त्यावर सांडलं. ट्रॅक्टरच्या मागं बांधून गाडी गावात नेली. त्याहून वाईट पुढंच झालं. गाणं रंगात आलं आणि पेटीचा एक सूर आपोआप वाजायला लागला. पट्टी दाबलेली नाही तरी ऊंऽऽ. दणक्यानं पट्टीचं भोक दाबून धरणारी आतली तार सरकली होती. मंडळीचे मुखिया ठाकुरराम यांनी हात जोडले. “मोघेजी, अब आप आराम करो.”

आराम करो! चांगल्या मनानं म्हणाला तो माणूस, पण पद्मजाच्या काळजात ते शब्द रुतून बसले. पुन्हा नीट करायला आणलेली तीच पेटी आता धड पोचली नाही तर ते गाव सुटणार, आणि एक सुटलं की बाकीची सुटायला कितीसा वेळ?

“चल,” ती निरंजनला म्हणाली, “तुझ्या स्कूटरची ट्रायल घेऊ.”

“हाँ आंटी, नवा रायपुर तरफ़ निकलते हैं, मक्खन रोड है.”

“मक्खन तू खा. बीरगांवले चल. कारखान्यांच्या मागं.”

भार्गवनं कपाळावर हात मारला. “आई, ट्रायल ऐसे नहीं होती.”

“काहून नाही होत? वऱ्हाडात मुलगी द्यायची तर घर बघतात की नुसता मांडव? गुळगुळीत रस्त्यावर सगळ्याच गाड्या गुणाच्या!”

बीरगांवात कारखान्यांमागच्या गल्लीत लोखंड वाहणाऱ्या ट्रकांनी रस्त्याची पार चाळण करून टाकलेली. तिथं पद्मजानं नियम सांगितला. प्रत्येक गाडीवर ती पुढं, हे मागं, पेटी मांडीवर. गल्लीच्या टोकाला जायचं, यायचं, आणि उतरल्यावर हे नुसता भाता मारणार. एकही पट्टी दाबायची नाही. पेटी गप्प राहिली तर गाडी पास. बोलली तर नापास.

निरंजनला आधी हसू आलं. पण गंगाधररावांनी चष्मा नीट केला, पेटी छातीशी घेतली आणि म्हणाले, “खरं आहे हिचं. मले खड्डा दिसत नाही, पण पेटीले लागतो.” कितीतरी दिवसांनी ते स्वतःहून काही बोलले होते.

स्कूटरचं पितळ पहिल्याच खड्ड्यात उघडं पडलं. चाकं बारकी, जिथं मोठं चाक खड्ड्यावरून निघून जातं तिथं हे आत उतरून बसलं. मागं धाडकन दणका, खाली खरर्र. परत येऊन भाता मारला तर पेटीत एक नाही, दोन सूर रडायला लागले. गंगाधररावांनी झाकण उघडून चाचपत तारा जागेवर बसवल्या. “हात्तिच्या,” ते म्हणाले, “ही तर नरडं दाबल्यावाणी ओरडली.”

मग शोरूमची दुसरी गाडी, डोंगरात जायची, उंच. निरंजनच्या साथीदारानं ती मागून आणली होती. पुढचं चाक केवढं, टायरला रबराचे मोठे मोठे गठ्ठे, स्प्रिंगांची खाली-वर चाल वीतभर. गल्ली तिनं अशी पार केली की पद्मजा खूश झाली. पण वळताना समोरून ट्रक आला. थांबावं लागलं. तिनं पाय खाली सोडला आणि खाली जमीनच नाही. हे मागं बसून गाडी दबली होती तरी अंगठ्याचं टोकच कसंबसं टेकलं, तेही खड्ड्याच्या काठावर. गाडी एका अंगाला कलायला लागली. गंगाधररावांनी मागून आपला लांब पाय रोवला म्हणून निभावलं.

“आंटी, आपकी हाइट थोड़ी...” निरंजन म्हणाला.

“मी बुटकी नाही. गाडी उंच आहे.” पद्मजानं उतरून किल्ली त्याच्या हातात ठेवली. “गाडी गुणाची आहे, तुझ्यासारख्यासाठी. चिखलात रोज पाय टेकावा लागतो, बाप्पा. मी यांना पाडणार नाही.”

पेटी तपासली तर गप्पच होती. त्यानं तिला जास्तच वाईट वाटलं. भार्गव हळूच म्हणाला, “आई, देख लिया न? अब छोड़ो.” त्यात टोमणा नव्हता, काळजी होती. पण तिला क्षणभर रडूच आलं, आणि रडू आलं याचा राग आला. तिनं ओढणी आणखी आवळली.

तेवढ्यात त्याच गल्लीतून एक कामगार गेला. साधी मोटरसायकल, मागं बायको, बायकोच्या मागं कॅरिअरला तांदळाचं पोतं. सावकाश, खडखडत, पण कुठं आपटली नाही. पद्मजा त्याला आडवी गेली. “भैया, रुको! इतना लादते हो, नीचे घिसती नहीं?”

“नइ घिसय दीदी,” तो हसला. “रोज के ताय.” रोजचंच होतं त्याचं.

तिनं वाकून बघितलं. इंजिनाच्या पोटाखाली जाड लोखंडी पट्टी. टायरला गठ्ठे, पण बेताचे. “निरंजन, ही काहून नाही दाखवली?”

“वो तो गाँव वाली गाड़ी है आंटी. इधर बीरगांव की ब्रांच में रखते हैं.”

“आई, ये?” भार्गव म्हणाला. “लोग हँसेंगे.”

“लोकांना मागं बसवून नेणार आहे का मी?”

ब्रांच दोन वळणांवर होती. तिथं तिनं भार्गवला पुढं बसवलं, वडिलांना मागं, आणि स्वतः जमिनीवर उकिडवी बसून इंजिनाखाली हाताची वीत लावली. रिकामी असताना वीत मोकळी जात होती. आता अडली. “मागून दबली. स्प्रिंग कडक कर.” निरंजननं हुकाचा पाना लावून मागच्या दोन्ही स्प्रिंगा सारख्याच, शेवटच्या खाचेपर्यंत फिरवल्या. मागच्या टायरची हवा दोघांच्या वजनाची, साखळीच्या झाकणावर लिहिलेली तेवढी भरली. पुन्हा बसवलं, पुन्हा वीत लावली. थोडी घासून का होईना, पण गेली.

मग ती स्वतः बसली. दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले.

ही गाडी उंच गाडीसारखी तरंगत नव्हती. दणके कळत होते. पण पद्मजानं खड्ड्याआधी वेग मोडला आणि पोट कुठं लागलं नाही. गल्लीच्या टोकाला ट्रक आला, ती थांबली, पाय टेकले, ट्रक गेला, ती निघाली. परत आल्यावर गंगाधरराव उतरले, ओट्यावर बसले, पेटी समोर घेतली. भार्गवही जवळ येऊन वाकला.

भाता मारला. एकदा, मग पुन्हा. नुसती हवा सुसूसू करत गेली. पेटी गप्प.

“पास,” गंगाधरराव म्हणाले. आणि मग, कोणी सांगितलं नव्हतं तरी, त्यांची बोटं पट्ट्यांवर गेली. ब्रांचमधली माणसं काम सोडून ऐकत उभी राहिली. पद्मजा तोंड फिरवून टायर बघत बसली, डोळ्यातलं पाणी दिसू नये म्हणून.

गाडी घरी आली, चाकाखाली लिंबू फोडलं, आणि पुढच्याच आठवड्यात ठाकुररामच्या मंडळीची पुन्हा नीट केलेली पेटी घेऊन दोघं त्याच्या गावाला निघाले. त्याच दगडावरून पद्मजानं मुद्दाम गाडी नेली. शेजारून वाट होती, तरी नेली.

देवळात मंडळी जमली होती. ठाकुररामनं पेटी बघितली, मोघेजींकडे बघितलं, आणि तोंड उघडणार तोच पद्मजानं हात वर केला.

“अहो, भाता मारा.”

त्यांनी मारला. देवळात माणसांचा श्वास ऐकू येत होता, पेटीचा सूर नाही.

“अब बोलिए मुखियाजी,” ती म्हणाली, “आराम करो.”

ठाकुरराम उठला, गाभाऱ्यामागच्या खोलीत गेला आणि दोन्ही हातांनी एक जुनी, धुळीनं भरलेली पेटी उचलून घेऊन आला. शेजारच्या गावच्या मंडळीची होती, कधीची बंद पडलेली. त्यानं ती गंगाधररावांच्या समोर नाही, पद्मजाच्या समोर ठेवली.

“हव दीदी,” तो म्हणाला. “येहू ला ले जाव.” हीपण घेऊन जा.

पद्मजानं ओढणी सोडली आणि पेटी बांधायला दोरी मागितली.