खुर्चीआधीची बादली

मी मॅट्रिक झालो तेव्हा आमच्या वस्तीने धम्म घेऊन दीड-दोन वर्षं झाली होती. माझ्या बाने त्याच सुमाराला गावची महारकी सोडली. मेलेलं ढोर ओढणं बंद, दवंडी देणं बंद, पाटलाच्या ओट्याखाली उभं राहून हुकूम ऐकणं बंद. त्याबद्दल गावाने काय काय बोलायचं ते बोलून घेतलं, पण बा बधला नाही. दुसऱ्यांच्या शेतावर रोजीने जायचा आणि संध्याकाळी ताठ मानेने घरी यायचा. एकच स्वप्न त्याने डोक्यात धरलं होतं, की पोरगा खुर्चीवर बसेल. कुठली खुर्ची, कुठल्या कचेरीतली, हे त्याला ठाऊक नव्हतं. चार पायांची असावी आणि तिच्यावर आपला पोरगा असावा, एवढंच.

माझा चुलत भाऊ माझ्याबरोबरच मॅट्रिक झाला. त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते आणि ते त्याने कुणाला विसरू दिले नाहीत. आम्ही दोघांनी यवतमाळला जाऊन रोजगार कचेरीत नाव नोंदवलं आणि फुलसावंगीच्या अलीकडच्या आमच्या गावी येऊन बसलो. तो तहसिलातल्या कारकुनीची वाट पाहायला लागला. मीही पाहायला लागलो. सकाळी उठायचं, इस्त्रीचा सदरा घालायचा आणि पोस्टमनच्या वाटेकडे बघायचं. काही महिन्यांत माझा सदरा कॉलरला विरला आणि डोकं तापलं. मला वाट पाहणं जमतच नाही, हा माझा जन्माचा स्वभाव आहे. बसची वाट पाहायची वेळ आली तरी मी पुढच्या थांब्यापर्यंत चालत जातो.

अशात मलेरिया खातं माणसं भरायला निघाल्याचं कळलं. गावोगाव फिरून घरांच्या भिंतींवर डीडीटी मारायची. हंगामी काम होतं, पावसाळ्याच्या तोंडाला सुरू आणि दिवाळीच्या सुमाराला बंद, पुढच्या वर्षीचा भरवसा नाही. मॅट्रिकची अटही नव्हती. मी गेलो, त्यांनी मला घेतलं आणि हातात बादली दिली.

बादली पाहून बा जो भडकला तो मी आयुष्यात तेवढा एकदाच पाहिला. तो ओरडला नाही. त्याने जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, "म्या खांद्यावरलं मेलं ढोर खाली ठेवलं, ते काय तुया हातात बादली पाहासाठी? खुर्ची भेटत परेंत घरी बस. मी खाऊ घालतो तुले."

मी म्हणालो की खुर्ची येईल तेव्हा बादली खाली ठेवीन, पण तोवर रिकाम्या हाताने बसणार नाही. त्यावर तो माझ्याशी बोलायचाच बंद झाला. माय मध्ये पडली, तिने दोघांनाही सुनावलं आणि पहाटे माझ्या फडक्यात भाकरी बांधून दिली. चुलत भावाने वस्तीभर माझं नाव ठेवलं, बादलीसाहेब.

ते काम बाहेरून दिसायचं तितकं सोपं नव्हतं. पांढरी पूड आधी थोड्या पाण्यात कालवायची, मग पाणी वाढवायचं, मग फडक्यातून गाळायचं, नाहीतर नळीचं तोंड चोंदायचं. बादलीत पितळी पंप उभा करायचा. एकाने त्याची पट्टी पायाने दाबून दांडा वरखाली हाणायचा आणि दुसऱ्याने लांब रबरी नळीच्या टोकाची काठी धरून भिंतीवर फवारा सोडायचा. काठीचं टोक भिंतीपासून वीत-दीड वीत लांब ठेवायचं, हात एकसारखा फिरवायचा, ओघळ येऊ द्यायचा नाही आणि कोरी जागा सोडायची नाही. माझा जोडीदार शेजारच्या तांड्यावरचा बंजारा होता, खांद्याने रुंद आणि तोंडाने मोकळा. पंप तो हाणायचा आणि काठी माझ्या हाताला बसली होती.

खात्याचा नियम असा, की घरातली एकही खोली सोडायची नाही. डास माणसाला चावून भिंतीवर बसतो, आणि ज्या भिंतीवर औषध नाही ती नेमकी शोधून काढतो. म्हणून ओसरी, गोठा, झोपायची खोली, स्वयंपाकघर, सगळीकडे फवारा. आधी भांडी, धान्य, पाणी बाहेर काढायला लावायचं, आणि जाताना बजावून सांगायचं की पुढे दोन-अडीच महिने भिंती सारवू नका. सारवलं की औषध शेणामातीखाली जाऊन बसतं आणि सगळी मेहनत फुकट जाते.

पहिल्याच हंगामात आमच्या गावाची पाळी आली. टोळीच्या मुकादमाने मला विचारलं की तुझंच गाव आहे, तुला दुसरीकडे टाकू का. मी नको म्हणालो. मग घरं ओळीने लागली आणि पाटलाचं घर आमच्या पंपाला आलं.

पाटलीणबाई वयस्कर होत्या, कडक होत्या, पण दुष्ट नव्हत्या. त्यांनी ओसरी करू दिली, गोठा करू दिला. मग मधल्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि मुकादमाला म्हणाल्या की आतल्या खोल्या राहू द्या. मुकादमाने नियम सांगितला. त्यांनी थोडा विचार करून तोड काढली. नळी लांब आहे, मग तांड्यावरल्याने काठी घेऊन आत जावं आणि याने अंगणातून पंप हाणावा. कुणाचं नाव न घेता त्यांनी माझ्याकडे नुसतं बोट केलं.

मुकादम माझ्याकडे पाहायला लागला. माझ्या जोडीदाराने पंपावरचा पाय काढला नाही, काठी घ्यायला पुढे झाला नाही, हे मी त्याचं अजून विसरलो नाही. बाहेर लिंबाखाली पाच-पंचवीस माणसं जमली होती आणि त्यांच्या मागे माझा बा उभा होता. ज्या घराच्या ओट्याखाली त्याचा जन्म गेला, त्या घराच्या मधल्या दारात मी काठी धरून उभा होतो.

मी म्हणालो, "बाई, काठी मीच धरीन. माझा हात बसला आहे. भिंत कोरी राहिली तर हिव तुमच्याच घरात येईल."

मुकादम म्हणाला, "तोच जाईल."

पाटलीणबाईंनी देव परातीत घेतले, पदराने झाकले आणि अंगणात नेऊन ठेवले. मी आत गेलो. स्वयंपाकघर केलं, चुलीमागची भिंत केली, देवघराचा कोनाडा केला. इतकं मन लावून मी शाळेचा पेपरही लिहिला नव्हता. ओघळ नाही, कोरी जागा नाही. बाहेर येऊन दाराशेजारी गेरूने तारीख टाकली. वळून पाहिलं तर बा निघून गेला होता.

चार-पाच दिवसांनी तपासणीचा साहेब आला. तो भिंतीवर बोट फिरवायचा आणि बोटाला पांढरं लागलं की पुढे जायचा. पाटलाच्या ओसरीत लागलं, गोठ्यात लागलं. आत गेला तर स्वयंपाकघर आणि देवघर शेणामातीने ताजं, गुळगुळीत सारवलेलं. फक्त त्या दोनच खोल्या. मधल्या दाराच्या आत मी ज्या-ज्या भिंतीशी उभा राहिलो, तेवढ्याच सारवून शुद्ध करून घेतल्या होत्या. साहेब बाहेरगावचा, त्याला त्यातलं काही कळलं नाही. त्याने एवढंच म्हटलं की औषध गेलं, ह्या दोन खोल्या पुन्हा मारा.

माझा जोडीदार इतका हसला की त्याला बादली खाली ठेवावी लागली. मलाही हसू आलं, पण आतून मी चिडलो होतो आणि दुखावलोही होतो. चिडून केलं तर हात हलतो, म्हणून आधी घोटभर पाणी प्यायलो. मग काठी घेतली.

या खेपेला पाटलीणबाई दारात आडव्या आल्या नाहीत. देव परातीत घालून तयार होत्या. त्यांच्या नातवाला दर पोळ्यानंतर हिव भरायचं, चार गोधड्या टाकल्या तरी पोर उडायचं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मी काम संपवून निघालो तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "याच्यानं पोराचं हिव जाईन काय रे?"

"सारवलं नाही तर जाईल," मी म्हणालो.

"नाही सारवत आता," त्या म्हणाल्या. खाली बघून म्हणाल्या, पण म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी घरी आलो तर बा ओट्यावर बसला होता. त्याने माझ्या हातातली बादली घेतली, राखेने घासली, धुतली आणि उपडी घातली. मग कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलला. "चुलीपरेंत गेलता?"

"हो."

"देवापरेंत?"

"हो. दोनदा."

दुसऱ्या दिवशी पहाटे भाकरी मायने नाही, बाने बांधून दिली.

पाटलीणबाईंच्या नातवाला त्या वर्षी हिव आलं नाही. त्यानंतर खात्याने घरोघर फिरून तापाची चौकशी करणारी माणसं नेमायला सुरुवात केली, तेव्हा फवाऱ्यावरचे मॅट्रिकवाले आधी घेतले. मी बादली खाली ठेवली आणि काचपट्ट्यांची पेटी उचलली. ताप असेल त्याच्या बोटातून थेंबभर रक्त काचेवर घ्यायचं, गोळ्या आपल्यासमोर गिळायला लावायच्या आणि काचा यवतमाळला धाडायच्या. पुढे त्या काचा तपासणाऱ्यांच्या शिकवणीसाठी माझी निवड झाली, आणि साठ साल उलटून काही वर्षं झाली होती तेव्हा मी यवतमाळच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकासमोर बसलो. खुर्चीवर.

चुलत भावालाही शेवटी तहसिलात कारकुनी मिळाली, आणि चांगलीच मिळाली. त्याने वाट पाहिली ते चुकलं असं मी म्हणणार नाही. फक्त त्याची ती वर्षं कशी गेली हे विचारलं की तो आजही विषय बदलतो, आणि मला माझ्या त्या वर्षांबद्दल कुणी विचारलं की मला थांबवावं लागतं.

खुर्ची मिळाल्यावर मी बाला मुद्दाम यवतमाळला बोलावलं. धुतलेलं धोतर नेसून आला. मी त्याला माझ्याच खुर्चीवर बसवलं, काच लावली आणि एक डोळा मिटून बघायला सांगितलं. लाल ठिपक्याची निळी अंगठी दिसते का विचारलं. त्याला बऱ्याच वेळाने दिसली. हाच हिवाचा जंतू, मी सांगितलं. तो मागे टेकला, खुर्चीच्या दोन्ही हातांवरून हात फिरवून पाहिला आणि खूश झाला, हे मला दिसलं. मी विचारलं, मग आता गावात काय सांगशील?

"खुर्ची चांगली हाये," बा म्हणाला. "सांगीन. पण पयले चुलीचं सांगीन."