दुसऱ्या ओळीवर थांबायचं असतं

आधीच सांगते, भूतबाधा, अंगात येणं, साक्षात्कार यातलं मी काहीही मानत नाही. घाटकोपरच्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये आयसीयूत सिस्टर आहे. इतकी वर्षं झाली, पण पांढऱ्या साडीतली बाई काही मला एकदाही दिसली नाही. दिसली असती तर तिलाच सलाईन लावायला बसवलं असतं, आमच्याकडे स्टाफ इतका कमी असतो! त्यामुळे खाली जे लिहितेय ते वाचून कुणी 'ताई, तुमची श्रद्धा...' वगैरे सुरू करू नका. श्रद्धा नव्हतीच. फक्त माझी दोन बोटं बाबांच्या मानेवर होती, आणि त्या बोटांना जे कळलं ते मला अजून पचलेलं नाही.

बाबा आणि मी मुलुंड ईस्टला राहतो. माणूस मूळचा मालवणकडचा, आख्खी नोकरी अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका पंपाच्या कंपनीत. गेल्या वर्षी आई गेली आणि बाबांनी जगणंच सोडून दिलं. रडले नाहीत, बोलले नाहीत. बीपीच्या गोळ्या उशीखाली सापडायला लागल्या. मी ओरडले तर म्हणाले, "कित्याक गो गोळी? माका आता तुझ्या आयशीकडे जावचा हा." हे अगदी शांतपणे म्हणाले. आयसीयूत मी अशी माणसं बघितलीत... ज्यांना थांबायचं नसतं ती थांबत नाहीत. औषधं बिचारी काय करणार?

बाबा घराबाहेर पडायचे ते फक्त उस्मानकाकांसोबत. उस्मानकाका म्हणजे बाबांचे कंपनीतले दोस्त, रत्नागिरीचे, शुद्ध कोकणी मुसलमान, माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलतात. ते चिश्ती सिलसिल्यातले, म्हणजे सूफींच्या एका परंपरेत रीतसर मुरीद, म्हणजे शिष्य, झालेले. त्यांच्या पीरसाहेबांची खानकाह अंधेरीला आहे. खानकाह म्हणजे सूफींची बसायची, जिक्र करायची जागा. ही तर एमआयडीसीतल्या एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली वेल्डिंग, वर अल्लाचं नाव! बाबा दर रविवारी तिथे जाऊन बसायला लागले. मला टेन्शन. म्हटलं, एकदा बघून तरी येऊ काय चाललंय ते.

"ये की बाय," उस्मानकाका म्हणाले, "पण एक लक्षात ठेव. समा म्हणजे आमची कव्वालीची बैठक, ऑर्केस्ट्रा नव्हे. मध्ये बोलायचं नाही, उठून जायचं नाही, मोबाइल तर नाहीच."

"आणि लघवीला लागली तर?"

"आधीच जाऊन ये ना!"

दुपारची नमाज झाल्यावर आम्ही पोचलो. खालचे गाळे बंद होते, त्यामुळे गल्ली शांत होती. वर पांढऱ्या चादरी अंथरलेल्या, अत्तराचा वास, आणि बायकांसाठी बाजूला पातळ पडदा. मी डोक्यावर ओढणी घेऊन पडद्याच्या अगदी कडेला बसले, तिथून बाबा नीट दिसत होते. पीरसाहेब मध्ये बसलेले. वयस्कर, किडकिडीत, चष्मेवाले... एखाद्या बँकेतून रिटायर झालेले वाटावेत असे.

आधी जिक्र झाला. जिक्र म्हणजे आठवण, देवाचं नाव घेत राहणं. सगळे गोल करून बसले. 'ला इलाहा' म्हणताना मान खालून वर उजव्या खांद्याकडे जायची आणि 'इल्लल्लाह'ला डावीकडे, थेट काळजावर आपटल्यासारखी यायची. शेजारच्या एका बाईंनी सुरू होण्याआधीच मला हळूच समजावलं होतं: पहिल्या भागात 'नाही' म्हणून मनातलं सगळं झाडून काढायचं, आणि रिकामं झालं की दुसऱ्या भागात त्याला एकट्याला आत घ्यायचं. हळूहळू वेग वाढत गेला. मग शब्द गळाले, नुसता 'हू', म्हणजे 'तो', उरला, आणि मग तोही श्वासात मुरला. पीरसाहेबांनी हात उचलला आणि सगळं एकदम थांबलं. खरं सांगते, ती शांतता मला फार आवडली. आमच्या वॉर्डातली शांतता अशी नसते.

मग कव्वाल बसले. दोन हार्मोनियम, एक ढोलक, आणि मागे टाळ्या देणारे. मुख्य कव्वाल जाडजूड, पानाने लाल झालेलं तोंड, पण काय आवाज होता हो! आधी अल्लाची स्तुती, मग पैगंबरांची, मग त्यांच्या पीरांची, हा क्रम मोडायचा नसतो. कुणाला नजराणा द्यायचा असेल तर तो वाकून पीरसाहेबांच्या हातात द्यायचा, मग तो कव्वालांकडे जातो. नोटा उधळणं वगैरे फक्त सिनेमात. त्यानंतर त्यांनी प्रेमाचं घेतलं. त्यांच्या घरातली जुनी चीज, दोनच ओळींची. त्यात गाणारी नवरी असते आणि देव तिचा प्रियकर, 'पी':

डूब गई मैं प्रीत में, रहा न मेरा नाँव
घाट खड़े पी बोलिया, लौट चलो अब गाँव

पहिल्या ओळीला बाबांचे खांदे हलले. मला वाटलं, ठसका लागला. पण बाबा रडत होते. आई गेल्यापासून पहिल्यांदा! मग ते उभे राहिले, हात वर, डोळे मिटलेले. त्याबरोबर पीरसाहेब उठले आणि त्यांच्यामागे सगळी खोली उठली. याला हाल म्हणतात. कुणाला हाल आला की सगळ्यांनी त्याच्या मानाला उभं राहायचं, आणि कव्वालांनी ज्या ओळीवर तो अडकलाय ती सोडायची नाही. तेच ते, तेच ते. दोघांनी बाबांभोवती हात पसरले, पण स्पर्श केला नाही. 'डूब गई मैं प्रीत में...' ढोलक माझ्या बरगड्यांत वाजत होता.

आणि बाबा खाली आले. कापलेल्या केळीसारखे.

मी पडदा बाजूला सारून धावले. ओठ निळसर, श्वास नाही. मानेला बोटं लावली... काही नाही. मी जीव तोडून ओरडले, "बंद करा! बंद करा ते!" आणि कव्वाल घाबरून थांबले, पहिली ओळ संपते न संपते तोच. उस्मानकाकांना मी ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं आणि छाती दाबायला घेतली.

एवढ्यात पीरसाहेब माझ्या शेजारी गुडघ्यावर बसले. "बेटी, तू आपलं काम कर. पण आम्हाला आमचं करू दे. तो डुबण्याच्या ओळीवर सुटलाय. त्याला असं तिथे सोडत नाहीत."

मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी वाईट मानलं नाही. कव्वालाकडे बघून नुसती मान हलवली. त्याने बाजाशिवाय, एकट्याने दुसरी ओळ उचलली. 'घाट खड़े पी बोलिया...' मी दाबणं थांबवून मानेला बोटं लावली, आणि मंडळी, नाडी आली. बारीक, पण आली! बाबांनी श्वास ओढला. ओळ संपली, आणि नाडी पुन्हा विझायला लागली.

"एका ओळीने नाही येणार," पीरसाहेब म्हणाले. "पूर्ण घ्यावं लागेल. जिथे गेलाय तिथे जाऊनच आणावं लागतं."

"म्हणजे पहिली ओळ परत? जिच्यावर गेले तीच?"

"हो."

आता बोला. मी क्रिटिकल केअर शिकलेली बाई, मांडीवर माझा बाप, आणि समोरचा माणूस मला विचारतोय की त्याला पुन्हा बुडवू का. उस्मानकाका रडत होते. मी बोटं मानेवर घट्ट धरली आणि म्हटलं, "घ्या."

पहिली ओळ आली आणि नाडी गेली. अगदी साफ. दुसरी ओळ आली आणि नाडी परत आली, आधीपेक्षा ठळक. पुन्हा पहिली, गेली. पुन्हा दुसरी, आली. आता सगळी खोली हळू आवाजात साथ देत होती, बायकासुद्धा. मी पण. मला त्यातलं काय कळत होतं? पण मी गात होते, माझा आवाज फाटका असूनही. दर वेळी परत येणारी नाडी जास्त भरलेली असायची, आणि मग एका फेरीला पहिल्या ओळीवर ती गेलीच नाही. पीरसाहेबांनी दुसरी ओळ पूर्ण होऊ दिली आणि मगच हात वर केला. बाबांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "रडतंस कित्याक?"

ॲम्ब्युलन्स आली, हॉस्पिटलमध्ये नेलं. ईसीजी, एको, रक्त, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, भावनेच्या भरात चक्कर आली असेल, घाईत नाडी सापडत नाही कधीकधी. सापडत नाही, मान्य. पण ओळीबरहुकूम? मी हे आमच्या सरांना विचारलं तर ते हसून म्हणाले, "सिस्टर, रजा घ्या." रजा घेतली. मानेवर ठेवलेली बोटं खोटं बोलत नाहीत, इतकंच मला माहीत आहे, आणि त्यापुढे मी कोरी आहे.

उस्मानकाकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अगो, आमच्यात पहिल्याला फना म्हणतात, 'मी' संपणं. आणि दुसऱ्याला बका, त्याच्या प्रेमात उरणं. नुसतं संपण्यात काय मोठं? परत येऊन माणसांत राहणं कठीण." मला ते सगळं झेपलं नाही, पण ज्या लोकांनी एका परक्या माणसाला दोन ओळींनी धरून ठेवलं, त्यांच्यापुढे मी हात जोडते. आईशप्पथ, इतकी नीट, इतक्या मायेची टीम मी कुठल्याच आयसीयूत पाहिली नाही.

डिस्चार्जच्या दुसऱ्या दिवशी दुपारी धीर करून बाबांना विचारलं, "आई दिसली का हो?" भीती वाटत होती. हो म्हणाले तर पुन्हा तिकडेच जायचं म्हणतील.

बाबा खिडकीकडे वळले. "नाय गो. आवस नाय होती. कोणच नाय होता. मी पण नव्हतंय. मगे कोणीतरी हाक मारल्यान... त्या हाकेत तुझी आवस होती. तू होतंस. उस्मान होतो. सगळी एकाच आवाजात. इतकी माया हा, तर मगे मरान खय जावचा?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"अशी बघतंस काय?" बाबा म्हणाले. "बांगडो हा काय घरात? आसलो तर तळ. माका भूक लागली हा."