भवानीचं गिऱ्हाईक

गुरुवारी खिचडी वाटताना एका मुलीची आई दारात आली आणि चप्पल न काढताच म्हणाली, "बाई, सोमवारपासून तिला मी धंद्यावर नेते." अंबरनाथ पूर्वेला बाजाराच्या तोंडाशी ती भाजी घेऊन बसते. मुलगी चार वर्षांची. माझ्या अंगणवाडीत येऊन तिला तीन महिने झाले होते आणि तीन महिन्यांत तिने इथे एक शब्द काढला नव्हता.

"घरी पटापटा बोलते, डोकं खाते माझं," आई म्हणाली. "हितं मुकी बसते. मग हितं ठेवून काय उपयोग? शनिवारी ताटली-वाटी घेऊन जाते तिची."

मी काहीतरी समजावलं. काय ते आता आठवत नाही. पण ती पोर रस्त्याच्या कडेला, रिक्षांच्या चाकांशेजारी दिवसभर बसलेली डोळ्यांसमोर आली आणि हातातला डाव मी पातेल्यावर उगाच आपटला. मुळात माझा पाय एका जागी ठरत नाही. त्या दोन दिवसांत तर मी घरातल्यांना नकोशी झाले होते.

पुढच्या आठवड्याचा विषय होता भाजीबाजार. तो मी ओढून शनिवारवर आणला. मुलगी भाजीवालीची, भाजी समोर आली की बोलेल, असा माझा साधा हिशोब. शुक्रवारी रात्री वहीत आराखडा लिहिला. गोलात बसायचं. भाज्या सहाच, जास्त नाहीत: वांगं, भेंडी, टोमॅटो, दुधी, गाजर, कोथिंबीर. चित्रं नकोत, खऱ्या भाज्या. मिरची नको, पोरं डोळे चोळतात. नावांबरोबर चार शब्द: गुळगुळीत, खरखरीत, जड, हलकं. आधी गाणं, मग पिशवीत हात घालून न बघता ओळखायचं, शेवटी दुकान. दुकानाचा नियम मी अधोरेखित केला होता: नाव घेतल्याशिवाय भाजी नाही.

शनिवारी सकाळी मी इतकी घाईत होते की मदतनीस बाईंनी दोनदा विचारलं, "साहेब येणारेत का कोणी?" सतरंजी अंथरली. सतरा पोरं गोलात बसवली. ही नेहमीप्रमाणे कपाटाला टेकून. गाणं माझंच जुळवलेलं होतं, टाळ्यांवर म्हणायचं:

टोपलीत काय गं, टोपलीत काय?
काटेरी टोपीचं वांगं हाय!
उचल, तोल, पिशवीत घाल,
दुधी झाला जड, हळूहळू चाल!

पोरं जाम रंगली. दुधीच्या ओळीला उठून वाकून चालायला लागली. हिचे ओठसुद्धा हलले नाहीत. मी गाताना तिच्याकडेच बघत होते आणि दोनदा ओळ चुकले.

मग पिशवी. एकाने हात घालून "बैंगन" म्हटलं. त्याच्या घरी हिंदी बोलतात. "बरोबर, तुझ्या घरी बैंगन, इथे वांगं," मी म्हटलं आणि सगळ्यांनी दोन्ही नावं घेतली. भेंडीला कुणी खरखरीत म्हणालं, कुणी टोचते म्हणालं, दोन्ही चाललं. पिशवी हिच्याकडे आली. तिने हात घातला, टोमॅटो काढला, उलटापालटा करून देठ बघितला आणि पुढे सरकवला.

"हे काय आहे? सांग ना. काय आहे हे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या आवाजाला धार आली होती, ते मलाही कळत होतं. घड्याळात अकरा वाजून गेले होते. बाराला आई येणार होती.

मी तिला दुकानदार केलं. गोणपाट टाकलं, दोन झाकणांना दोऱ्या बांधून केलेला तराजू दिला. तिने भाज्या मांडायला घेतल्या. मी मांडलेली रांग तिने मोडली, दुधी मागे ठेवले, कोथिंबीर पुढे घेतली. मग पेल्यातलं पाणी बोटांनी कोथिंबिरीवर शिंपडायला लागली.

"अगं, सतरंजी भिजेल!" मी खेकसले आणि पेला उचलून घेतला. अजूनही ते आठवलं की मला माझाच राग येतो.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून वर्गातला सगळ्यात धाकटा पुढे आला. पैसे म्हणून बाटलीचं बूच मुठीत घट्ट धरलेलं. त्याला दुधी हवा होता. बोट दाखवलं, पण नाव येईना.

"नाव सांग, मग भाजी," मी म्हटलं.

त्याचा खालचा ओठ बाहेर आला.

"बरं, जा. जागेवर बस. आठवलं की ये."

तो वळला आणि मागून आवाज आला. बारीक नाही, चांगला खणखणीत, बाजारातला.

"ओ! भवानी हाय! पयलं गिऱ्हाईक असं परतवत नाय!"

मदतनीस बाईंच्या हातातली तांदळाची परात तशीच राहिली. मुलगी उठली, त्या पोराच्या दंडाला धरून त्याला परत आणलं आणि दुधी त्याच्या पिशवीत टाकला. वर कोथिंबिरीच्या दोन काड्या. त्याच्याकडून बूच घेतलं, तराजूला टेकवलं, कपाळाला लावलं. मग त्याला सांगितलं, "कवळा हाय. नख लावून बघ."

पुढच्या पोरीला तिने भेंडी दिलीच नाही. एका भेंडीचं टोक मोडायला गेली, ते नुसतंच वाकलं. "ही निबर हाय. टोक कटकन मोडलं पायजे. गाजर घे." माझ्या चार शब्दांच्या यादीत ना कोवळा होता, ना निबर. दहा मिनिटांत अख्खा वर्ग नखं लावत आणि टोकं मोडत "कवळा, निबर" ओरडत होता. मला रडू येत होतं आणि हसूही. मी पाण्याचा पेला गुपचूप तिच्याशेजारी परत ठेवला.

बाराला आई आली. ताटली-वाटी तिने फळीवरून काढून पिशवीत टाकलीसुद्धा. मी धावत गेले. "बोलली! मघापासून बोलतेय!"

"बोल गं," आई म्हणाली.

मुलगी कपाटाला टेकली.

मी घाईघाईने टोमॅटो पुढे धरला. "हे काय आहे, सांग आईला." काही नाही.

आई हसली, पण थकल्यासारखी. "घरी काय म्हणते ठाऊक हाय? म्हणते, बाईला कायच वळखता येत नाय. रोज इचारते, हे काय, हे काय."

मला कानफटात बसल्यासारखं झालं. तीन महिने मी तिला फक्त तेच विचारत होते जे मलाही ठाऊक होतं आणि तिलाही.

मी टोमॅटो खाली ठेवला. खांद्याला पिशवी अडकवली आणि गोणपाटासमोर उकिडवी बसले. ती हळूच येऊन तिच्या जागेवर बसली.

"भवानी झाली का गं?" मी विचारलं.

"कवाच झाली," ती म्हणाली. "तुम्हीच त्याला परतवत होता."

मग आईने पिशवीतून ताटली काढली, वाटी काढली, दोन्ही फळीवर होती तिथे ठेवली. जाता जाता गोणपाटावरची मी आणलेली भेंडी उचलून तिने टोक वाकवून बघितलं.

"सोमवारी धाडते तिला," ती म्हणाली. "पण बाजाराला जाल तवा हिला संगं न्या."