डझने खाल्लेला एस

खडकीतल्या एका विहाराच्या हॉलमध्ये मी दुपारी बायकांना इंग्रजी शिकवते. तोंडाने मी फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. ‘ही डझ नॉट गोज’ ऐकलं की माझं डोकं फिरतं. “एस डझने खाल्ला ना? मग क्रियापदाला परत कशाला वाढता?” असं मी शंभरदा म्हटलं असेल.

वर्गात साठीच्या एक काकू होत्या. नवरा अंथरुणाला खिळलेला. मुलगा बापाशी भांडून परदेशात गेलेला, तो फोनसुद्धा करत नसे. त्याची तिकडचीच बायको मात्र दर रविवारी काकूंना फोन करायची, आणि तिला मराठीचा गंध नव्हता. म्हातारा रोज मुलाची चौकशी करतो, एवढं एक वाक्य काकूंना सुनेला सांगायचं होतं. ते कानावर गेलं तर तो येईल, अशी त्यांना आशा होती.

त्यांच्या वहीत सगळ्या नकारांना एस. ‘ही डझ नॉट ईट्स.’ ‘ही डझ नॉट स्लीप्स.’ मी लाल पेनाने एस खोडले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “काकू, हा एस तुमच्या नात्यातला आहे का हो? सोडवतच नाही तुम्हाला!” बायका हसल्या, काकूही हसल्या. पुढच्या वेळी त्यांनी साध्या वाक्यांतलाही एस काढून टाकला होता. ‘ही आस्क फॉर हिम.’ त्यावरही मी ओरडले. “अहो, इथे डझ कुठाय? डझ नसेल तर एस लागतो!”

मग दोन आठवडे त्या आल्याच नाहीत. आल्या त्या दिवशी वर्ग सुटेपर्यंत मागे बसून राहिल्या.

“बाई, त्या रविवारी सुनेने विचारलं, ‘डझ ही आस्क फॉर हिम?’ मला सगळं कळलं हो. पण सांगताना एस लावायचा का काढायचा, तेच सुचेना. चुकेल म्हणून मी नुसतीच हॅलो, हॅलो करत राहिले. तिने फोन ठेवला. बुधवारी हे गेले. मुलगा आला नाही.”

नुसतं ‘यस’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. तेवढं मी शिकवलंच नव्हतं, धाक मात्र चोख शिकवला होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

“आता ती ‘डिड’ लावून विचारेल ना? मग काय सांगू?”

मी त्यांच्या वहीत लिहिलं, ‘ही आस्क्ड फॉर हिम एव्हरी डे.’ काकूंनी एकेका शब्दावरून बोट फिरवलं.

“यात एस लागत नाही ना, बाई?”

“नाही. होऊन गेलेल्या गोष्टीला नाही लागत.”

“मग येईल मला,” त्या म्हणाल्या.