तीन चित्रं कमी

मलकापुरात माझं कॉम्प्युटर जोडून द्यायचं दुकान आहे, आणि फेकायची सवय दुकानापेक्षा जुनी आहे. मशीन ताब्यात देताना आमच्याकडं एक रीत असते: हळदकुंकू, पेढा आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा. ग्राफिक्स कार्ड सेकंदाला किती चित्रं बनवतं, तो आकडा. जितका मोठा, तितकी गिऱ्हाइकाची छाती फुगते. इस्लामपूरच्या एका निवृत्त सुभेदारांना मी दोनशे वीस दाखवले, तेव्हा त्यांच्या मिशा इतक्या वर गेल्या की मी आधी छताचा पंखा बंद केला.

त्यांचा मॉनिटर सेकंदाला एकशे चव्वेचाळीसच्या वर चित्रं दाखवूच शकत नव्हता. ते मात्र मी पेढ्याखाली झाकलं.

मशीन घेतलं होतं लेकीपायी. ती पुण्यात नोकरीला. फोनवर दोघांचं 'जेवलीस का'च्या पुढं सरकत नसे. पण दर रविवारी दुपारी ती तिकडून, हे इकडून, एकाच तुकडीत बंदुकीचा खेळ खेळायचे आणि दोन तास तोंड बंद नसायचं. पलटणीत सुभेदारांचा नेम असा, की माशी मारायची तर आधी विचारायचे, डावा डोळा का उजवा. हे त्यांनी सांगितलं नाही, मीच सांगत फिरतो.

पहिल्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. खेळात झटकन वळलं की भिंत मधोमध कापल्यासारखी दिसते, वरची एकीकडं, खालची दुसरीकडं. मी जेवत होतो. तोंडातला घासही न गिळता म्हणालो, सेटिंगमध्ये व्ही-सिंक चालू करा, म्हणजे मॉनिटर मोकळा होईपर्यंत पुढचं चित्र थांबेल. भिंत जुळली. मी विसरून गेलो.

महिन्याभरानं सुभेदार मशीन पोटाशी धरून दुकानात आले. काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "हे दुसऱ्या कुणाला तरी दे. हात गेला रं माझा."

मी विचारलं, काय झालं.

"बोट दाबतो आन गोळी मागनं येती. पोरगी माझ्यापायी मरती खेळात. वरनं म्हणती, असू दे आबा."

त्या 'असू दे'नं माणूस चार इंच बुटका झाला होता. आणि मला आठवला माझा तो घास. वयाचं औषध नाही असं म्हणून मशीन विकून टाकलं असतं, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण पुढच्याच रविवारी मी ते गाडीत घालून इस्लामपूरला त्यांच्या घरी गेलो, कारण दुखणं त्यांच्या मॉनिटरशी जोडल्यावरच दिसणार होतं.

सुभेदार निवृत्तीनंतर साखर कारखान्याला ऊस घालत. म्हणून मी काट्यावरनं सुरुवात केली. "आवं सुभेदार, तुमचा मॉनिटर म्हणजे वजनकाटा. काटेवाला गुणी हाय, घड्याळ बघत न्हाई, ट्रॉली आली की वजन करतो. पण त्याच्याही हाताला मर्यादा हाय, सेकंदाला एकशे चव्वेचाळीस. आपण सोडतोय दोनशे वीस."

"मग?"

मी म्हणालो, मग पहिलीचं वजन व्हायच्या आत दुसरी काट्यावर घुसते, अर्धी ही, अर्धी ती. तीच कापलेली भिंत. व्ही-सिंकनं घुसणं थांबतं, पण दारात रांग लागते, आणि तुमच्या बोटाची गोळी बसलेली असते रांगेतल्या शेवटच्या ट्रॉलीत.

मी कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन मर्यादा घातली: एकशे एक्केचाळीस. बदलता रिफ्रेश, म्हणजे तो घड्याळ न बघणारा काटेवाला, चालूच होता. व्ही-सिंक खेळातलं बंद केलं आणि कार्डातलं चालू केलं, एखादी ट्रॉली लवकर आलीच तर अडवायला.

सुभेदारांचा चेहरा पडला. "तीन कापलीस व्हय रं? पुरती एकशे चव्वेचाळीस का न्हाई?"

"सगळ्या ट्रॉल्या एका चालीनं येत न्हाईत. काठोकाठ सोडल्या की एखादी आधी पोचते आन पुन्हा रांग. जरा कमी सोडल्या, की काटाच त्यांची वाट बघतो."

त्यांनी हेडफोन चढवले. लेक आधीच खेळात आली होती. मी मागं उभा. पाचच मिनिटांत तिचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला, "आबा, मागं!" सुभेदार खेळात गर्रकन वळले. भिंत सलग. बोट आणि गोळी एकदमच.

मग ती म्हणाली, "तुम्ही मारलंत?"

"मग काय शेजाऱ्यानं?"

खेळ थांबला तसे ते माझ्याकडं वळले आणि हळूच विचारलं, "म्हंजे हात गेला न्हवता माझा?"

इथं एखादी थाप सहज बसली असती. पण तोंडातनं खरंच निघालं. "हात तुमचा शाबूत हाय. चूक माझी होती. आकडा दाखवायच्या नादात मर्यादा घातलीच न्हाई, आन फोनवर जेवताजेवता उपाय सांगितला."

मला वाटलं, आता सुभेदार पलटणीतल्या शिव्या काढतील. ते स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत बसले. बोटं उघडली, मिटली. तिकडून लेकीनं विचारलं, आबा, कोण आहे तिथं?

"कोन न्हाई. दुकानदार हाय," ते म्हणाले, आणि मान न वळवता मला हातानं खुणावलं. "चुलीवर च्या हाय. घे आन जा तू. आमी बोलतोय."