चिऱ्याच्या रंगाचा रिपोर्ट

नातीचा चांगला-भला रिपोर्ट मी माझ्या हाताने नासवला. म्हातारचळ म्हणा हवं तर.

ती इथल्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकते. आरे-वारेच्या किनाऱ्याकडच्या एका विहिरीच्या पाण्यात खारेपणा किती, हे तिने तपासलं आणि रिपोर्ट लिहिला. सरांनी तो एआय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातला. निकाल आला, हे यंत्राने लिहिलंय. सर म्हणाले, पुन्हा लिही, नाहीतर शून्य.

पोरगी रडकुंडीला आली. "आजी, सगळं मी लिहिलंय गो!"

"मग त्यात थोडा जीव घाल, बाय," मी म्हटलं. आणि 'विटकरी रंग दिसला' याच्यापुढे मीच जोडलं, 'आणि मला आमच्या अंगणातल्या जांभ्या चिऱ्याची आठवण आली.' असली आणखी चार वाक्यं खुपसली. सॉफ्टवेअर खूश! माणसाने लिहिलंय म्हणालं. सरांनी मात्र तो परत केला. हा रिपोर्टच नाही म्हणे.

म्हणजे नीट लिहिलं तर चोर, आणि बिघडवलं तर ढ. माझं टाळकं सटकलं. दोन्ही रिपोर्ट पिशवीत टाकले आणि प्रयोगशाळेत गेले.

हे सर बारावीला माझ्याच हाताखाली रसायनशास्त्र शिकले होते. तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच होते. घट्ट अंबाडा, इस्त्रीची साडी आणि रसायनशास्त्र जणू माहेरून आणल्याचा तोरा. जर्नलात कुणी 'मला वाटलं' लिहिलं की माझं पेन वसकन अंगावर जायचं.

"बाई, तुम्ही?" सर उठून उभे राहिले.

"बस. ब्युरेट आधी डिस्टिल्ड वॉटरने धुतला, मग...?"

"मग सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाने."

"पाण्यात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकले. रंग पिवळा झाला. मग थेंब थेंब सिल्व्हर नायट्रेट सोडलं, ते...?"

"कायमचा विटकरी रंग येईपर्यंत."

"बघ! पुढचे शब्द तुला आधीच ठाऊक. म्हणजे तूही यंत्रच!"

सर हसले, पण मी हसले नाही. "अरे, तुझं सॉफ्टवेअरही हेच करतं. पुढचा शब्द सहज ओळखता आला, वाक्यं एका मापाची आली, की म्हणतं यंत्र. रिपोर्ट तसाच लिहायला आपणच शिकवतो ना? नोकरीचा अर्ज घे, शोधनिबंधाचा सारांश घे, सगळं साच्यातलं. साचा आपण द्यायचा आणि साच्यातून काढलं म्हणून पोरीला फासावर चढवायचं? संशय आहे ना? मग तिला ब्युरेट घेऊन समोर उभी कर आणि विचार काय विचारायचं ते. त्या डब्याला कसलं विचारतोस?"

मी दोन्ही रिपोर्ट टेबलावर ठेवले. सरांनी पहिला उचलून चाळला. मग माझ्याकडे न बघताच बोलले,

"उद्या तिला पाठवा, बाई, मी तोंडी विचारतो आणि हाच रिपोर्ट धरतो. आणि ते चिऱ्याचं वाक्य तुमचं आहे ना? बारावीत मीही असंच एक लिहिलं होतं, तुम्ही ते तांबड्या शाईने खोडलंत."