पंचशीलाचा मोफत आठवडा

मंठाळच्या पंचशीलानं पुण्याची नोकरी सोडून गुलबर्ग्यात वीस खुर्च्यांचं को-वर्किंग उघडलं. उद्घाटनाचं कॅप्शन तिनं मला वाचून दाखवलं: "डे पास अडीचशे रुपये, वायफाय-चहासकट. पहिला आठवडा मोफत." आयुष्यभर नाटकाच्या जाहिराती ओरडलेला मी, लगेच वा म्हणालो. माणशी एकच दिवस, हे लिहायचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

सोमवारी परीक्षेच्या पोरांनी सगळ्या खुर्च्या भरल्या. मंगळवारी तीच पोरं आली. बुधवारी महिन्याचा पास घ्यायला आलेले वकील जागा नाही बघून परत गेले.

"कॅप्शन बदल की गं."

"बदललंय, काका. पण जुनंच ग्रुपवर फिरायलाय. शब्द दिलाय, आता ऊठ कसं म्हणू?"

रविवारपर्यंत मालकीणबाई जिन्यावर बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करत होती.